ग्राहकाचा व्हिडिओ टाकताय? खालच्या चार ओळी आधी तपासा

समजा, लाकडी घाण्याचं तेल विकणाऱ्या एका दुकानदाराने ग्राहक ताईंचा ४० सेकंदांचा व्हिडिओ घेतला. ताई सांगतात, ‘सहा महिन्यांपासून इथलंच शेंगदाणा तेल घेते, भाजीला चव येते आणि माझे गुडघेही दुखायचे थांबले.’ यूट्यूबवर टाकताना दुकानदार खाली लिहितो : ‘अमुक सोसायटीतल्या तमुक काकूंची गुडघेदुखी आमच्या तेलाने बरी! शहरात नंबर वन.’

या दोन वाक्यांत तीन चुका आहेत.

आजार बरा झाल्याचा दावा

अन्नपदार्थाने आजार बरा होतो, अशी जाहिरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांत बसत नाही. वाक्य ग्राहकाचं असलं तरी ते दुकानाने जाहिरातीसाठी वापरलं, की दावा दुकानाचा होतो. खाली ‘हा वैयक्तिक अनुभव आहे’ असं लिहूनही सुटका नाही. दिशाभूल करणारा दावा डिस्क्लेमरने दुरुस्त होत नाही, हे केंद्राच्या २०२२च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. त्यामुळे गुडघ्यांचं वाक्य व्हिडिओतूनच कापावं लागेल. ‘नंबर वन’ला पुरावा नसेल, तर तेही काढायचं.

नाव आणि पत्ता

कॅमेऱ्यासमोर बोलायला होकार म्हणजे नाव-पत्ता छापायला होकार नव्हे. चेहरा, नाव आणि सोसायटी एकत्र आली, की अनोळखी माणूसही दारापर्यंत पोहोचू शकतो. चेहरा, नाव आणि व्हिडिओ कुठे टाकणार, याची परवानगी वेगवेगळी विचारून व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावी. शीर्षक आणि थंबनेलवरही नाव राहिलेलं नाही ना, काउंटरवरच्या बिलावरचा मोबाइल नंबर दिसत नाही ना, हेही पाहावं.

लपवलेली सवलत

व्हिडिओच्या बदल्यात तेलाची बाटली किंवा सवलत दिली असेल, तर ते सांगणं आवश्यक आहे. मोबाइलवर वर्णनाचा पूर्ण मजकूर ‘अधिक’वर टॅप केल्यावरच उघडतो. म्हणून ही माहिती पहिल्याच ओळीत हवी. व्हिडिओतही ती सांगितलेली बरी.

मग लिहायचं काय?

> ‘या व्हिडिओसाठी ग्राहकाला एक लिटर तेल मोफत दिले आहे. आमच्या एक ग्राहक सहा महिन्यांपासून आमचे शेंगदाणा तेल वापरतात. भाजीच्या चवीबद्दल त्यांचे मत त्यांच्याच शब्दांत. व्हिडिओ त्यांच्या संमतीने प्रसिद्ध केला आहे.’

यातला ‘सहा महिने’ हा तपशील ताईंनी स्वतः सांगितलेला आहे. त्यांनी तेल बदललं किंवा मत बदललं, तर हे वर्णन जुनं ठरतं. ताईंनी ‘काढून टाका’ म्हटलं, तर व्हिडिओ डिलीट करावा. ‘अनलिस्टेड’ केल्यास लिंक असलेल्यांना तो दिसतच राहतो. व्हॉट्सॲपवर पुढे गेलेल्या प्रती मात्र परत आणता येत नाहीत, हे ताईंना चित्रीकरणाआधीच सांगितलेलं बरं.