खांब ताठ, पाय लवचीक

लोणावळ्याजवळच्या औंढ्यासारख्या मावळातील गावांत भातखाचरांच्या कडेला बंगले उभे राहू लागले, तशी एका लोखंडी नळीवर तोललेली पाण्याची टाकीही शिवारात जागोजागी दिसू लागली. अशी टाकी कोसळू नये म्हणून नळी जाड घेतली जाते आणि जोडकाम मजबूत केले जाते, परंतु खाली पुरलेला काँक्रीटचा पाया कोणत्या मातीवर टेकला आहे आणि ती माती किती दबते, याकडे बहुधा कमी लक्ष जाते. वस्तुतः अशा खांबाचे भवितव्य पुष्कळदा नळीपेक्षा त्या मातीच्या हाती असते. ते कसे, हे समजण्यासाठी स्थापत्यशास्त्रातील एक अतिशय साधी प्रतिमा पुरते, ती म्हणजे बुडाशी स्प्रिंग असलेला, स्वतः मुळीच न वाकणारा दांडा.

या प्रतिमेत दांडा ताठ मानलेला असतो, त्याच्या डोक्यावर P एवढा भार सरळ खाली दाबत असतो, त्याची उंची L असते आणि बुडाशी बिजागरी व तिला जोडलेली एक स्प्रिंग असते. ही स्प्रिंग ताणली किंवा दाबली जाणारी नसून पिळली जाणारी असते. दांडा जितक्या कोनातून कलतो त्या प्रमाणात ती त्याला परत सरळ करू पाहते. वस्तू फिरवू पाहणाऱ्या या परिणामाला आघूर्ण म्हणतात आणि तो बल व त्याचे आसापासूनचे अंतर यांच्या गुणाकाराने मोजतात. दांडा एक रेडियन, म्हणजे सुमारे ५७ अंश, कलवण्यासाठी जेवढे आघूर्ण लागले असते तेवढा स्प्रिंगचा ताठरपणा, त्याला k म्हणू. प्रत्यक्षात कल एखाद्या अंशाचाच असतो, पण मापनाचे एकक तेच ठेवले जाते.

आता दांडा अगदी उभा आहे असे धरून समतोलाचे समीकरण मांडले, तर हाती काहीच लागत नाही. भाराची रेषा बिजागरीतूनच जाते, म्हणून भाराचे आघूर्ण शून्य. स्प्रिंग पिळलेली नाही, म्हणून तिचेही आघूर्ण शून्य. आणि शून्य बरोबर शून्य हे विधान भार एक किलोचा असो वा हजार टनांचा, सारखेच खरे ठरते. पेन्सिल टोकावर उभी राहू शकते हे जितके खरे, तितकेच हे खरे आणि तितकेच निरुपयोगी. उभ्या स्थितीत समतोल आहे की नाही, हा येथे प्रश्नच नाही. त्या स्थितीच्या शेजारी, किंचित कललेल्या अवस्थेतही समतोल शक्य आहे का, हा खरा प्रश्न आहे. तुळईच्या नेहमीच्या गणितात आकार बदलण्यापूर्वीच्या रचनेवर समीकरणे मांडण्याची सवय लागलेली असते, आणि येथे नेमकी तीच सवय मोडावी लागते.

म्हणून दांडा θ एवढ्या कोनात कलला आहे असे मानून पुन्हा मांडणी करावी. डोके आता बाजूला L sin θ इतके सरकले आहे, म्हणून भार दांड्याला आणखी पाडण्यासाठी P L sin θ एवढे आघूर्ण लावतो, तर स्प्रिंग त्याला उठवण्यासाठी kθ एवढे आघूर्ण लावते. दोन्ही सारखे असतील तेव्हाच कललेला दांडा तसाच थांबेल:

P L sin θ = k θ

कल लहान असेल तर sin θ आणि θ यांत फरक उरत नाही, दोन्ही बाजूंचा θ निघून जातो आणि P = k / L एवढेच शिल्लक राहते. हा क्रांतिक भार होय. भार याहून कमी असेल तर किंचित ढकललेला दांडा परत येतो, कारण स्प्रिंगचे आघूर्ण वरचढ असते. भार याहून अधिक असेल तर भाराचे आघूर्ण वरचढ ठरते आणि दांडा कलतच जातो. कल किती, हे मात्र हे समीकरण सांगत नाही, कारण θ त्यातून गळून गेलेला असतो. क्रांतिक भाराखाली कोणताही लहान कल सारखाच चालतो. या उत्तरात लोखंडाची ताकद कोठेही नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १७४४ साली लेओनार्ड ऑयलर यांनी वाकणाऱ्या खांबाचा क्रांतिक भार काढला, तोही वाकलेल्या आकारावरच समतोल मांडून. त्या खांबात लवचीकता सर्व लांबीभर पसरलेली असते आणि येथे ती एका सांध्यात गोळा केली आहे, एवढाच फरक.

औंढ्याच्या शिवारातील एखाद्या टाकीसाठी आता आकडे घ्यावेत. एक हजार लिटरची भरलेली टाकी, तिची बैठक आणि नळीचा काही भाग मिळून सुमारे ११०० किलो, म्हणजे ११ किलोन्यूटन भार होतो, आणि त्याचे केंद्र पायाच्या तळापासून ३.६ मीटरवर आहे असे धरू. पाया ६० सेंटिमीटर चौरस आणि अर्धा मीटर जाड असेल, तर त्याचे वजन आणखी चार-सव्वाचार किलोन्यूटन भरते आणि तळाखालच्या मातीवर सरासरी सुमारे ४३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर दाब येतो. हा दाब इतका माफक आहे की बहुतेक माती तो सोसते. आणि पायाची तपासणी सहसा येथेच थांबते.

मातीचा ताठरपणा हा मात्र वेगळा गुण आहे. एमिल विंक्लर यांनी १८६७ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार पायाखालची माती म्हणजे शेजारीशेजारी उभ्या असलेल्या असंख्य स्प्रिंगा मानता येतात. कोरड्या घट्ट मुरुमावर ६० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर दाब दिला असता पाया साधारण एक मिलिमीटर खचतो असे धरू, आणि पावसाने भिजलेल्या खाचरातील चिकणमातीत तोच दाब एक सेंटिमीटर खचवतो असे धरू. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि खाचरे तर पाणी धरण्यासाठीच बांधलेली असतात, त्यामुळे दुसरे गृहीतक अतिशयोक्तीचे नाही. पाया कलला की एका कडेखालच्या स्प्रिंगा अधिक दाबल्या जातात आणि दुसऱ्या कडेच्या सैल होतात. त्या साऱ्यांची बेरीज केली असता k ची किंमत मातीचा ताठरपणा गुणिले पायाच्या बाजूचा चौथा घात भागिले १२ इतकी येते.

हिशेब केल्यावर मुरुमासाठी k सुमारे ६४८ किलोन्यूटन-मीटर आणि क्रांतिक भार १८० किलोन्यूटन येतो, तर भिजलेल्या मातीसाठी k सुमारे ६५ आणि क्रांतिक भार अवघा १८ किलोन्यूटन. टाकीचा ११ किलोन्यूटन भार पहिल्या आकड्यापुढे नगण्य आहे. दुसऱ्याच्या मात्र तो तीन-पंचमांशाहून अधिक भरतो. नळी ताठ मानणे कितपत योग्य, हेही येथेच तपासावे लागते. १६८ मिलिमीटर बाह्यव्यासाची, साडेचार मिलिमीटर जाडीची पोलादी नळी बुडाशी घट्ट रोवली आहे असे मानले, तर ऑयलर यांच्या सूत्राने तिचा स्वतःचा क्रांतिक भार सुमारे ३०० किलोन्यूटन येतो. चिखलात १८ समोर ३०० म्हणजे नळी खरोखरच ताठ दांड्यासारखी वागते. मुरुमावर मात्र १८० आणि ३०० हे आकडे तोलामोलाचे असल्याने दोन्ही लवचीकता मिळून विचारात घ्याव्या लागतात आणि व्यस्तांकांची बेरीज करून सुमारे ११२ किलोन्यूटन हा सुरक्षित अंदाज धरावा लागतो.

११ हे १८ पेक्षा कमी असल्यामुळे टाकी उभी राहील, असे म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण कोणताही खांब ओळंब्यात अचूक उभा नसतो. मुळातच θ₀ एवढा कल असेल तर स्प्रिंग केवळ वाढीव कोनालाच विरोध करते, भार मात्र संपूर्ण कलावर काम करतो; तोच समतोल पुन्हा मांडला की एकूण कल θ₀ भागिले (१ − P / क्रांतिक भार) इतका मिळतो. गवंड्याच्या हातून डोके पाच सेंटिमीटर बाहेर राहिले असेल, तर ताठ नळी मानूनही मुरुमावर ते सव्वापाच-साडेपाच सेंटिमीटरांवर थांबते, पण भिजलेल्या मातीत जवळजवळ १३ सेंटिमीटरांपर्यंत जाते. तेवढ्यावर भाराची रेषा पायाच्या मध्यापासून नऊ सेंटिमीटरांहून थोडी अधिक सरकते आणि एका कडेखालचा दाब सरासरीच्या जवळजवळ दुप्पट होतो. ६० सेंटिमीटर पायासाठी दहा सेंटिमीटर ही सीमा आहे. ती ओलांडली की पायाची दुसरी कड मातीवरून उचलली जाते, मातीतील काही स्प्रिंगा कामातून जातात, k घटतो, त्याबरोबर क्रांतिक भारही घटतो आणि खांब अचानक आडवा होतो. मूळ समीकरण अशा वेळी लागू राहत नाही, कारण त्यात स्प्रिंग कायम धरलेली होती.

धोका आधी ओळखता येतो, आणि त्यासाठी खांब पडेपर्यंत थांबावे लागत नाही. टाकी चढवण्यापूर्वी ओळंब्याने डोक्याची जागा नोंदवावी, मग टाकी अर्धी भरल्यावर आणि पूर्ण भरल्यावर पुन्हा मोजावे. वरच्या उदाहरणातील खांब ६ किलोन्यूटन भाराखाली अडीच सेंटिमीटर, तर ११ किलोन्यूटनखाली ७.८६ सेंटिमीटर अधिक कललेला आढळेल; भार दुपटीहून कमी वाढला आणि कल तिपटीहून अधिक, हीच खूण. प्रत्येक वाढीव कलाला त्या-त्या भाराने भागले असता ०.४१७ आणि ०.७१५ हे आकडे येतात. त्यांतील फरकाने कलांतील ५.३६ चा फरक भागला की सुमारे १८ उत्तर येते, म्हणजे न पाडताच क्रांतिक भार हाती लागतो. ही युक्ती रिचर्ड साउथवेल यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केली. चिकणमाती महिनोन्महिने हळूहळू खचत राहते, म्हणून ही मोजणी एकाच दिवशी उरकून न घेता पावसाळ्याच्या ऐन मध्यात पुन्हा करणे शहाणपणाचे असते. रिकाम्या टाकीपेक्षा भरलेली टाकी ढकलल्यावर अधिक संथ झोके घेते, ही तर साधीच गोष्ट; पण तीच भरलेली टाकी उन्हाळ्यातल्यापेक्षा श्रावणात कितीतरी संथ डुलू लागली, तर मातीने ताठरपणा सोडला आहे असे समजावे.

उपाय शोधताना प्रथम नळी बदलण्याचा विचार येतो, पण त्या ३०० च्या आकड्याचे ६०० केले तरी १८ च्या आकड्यात दिसण्याजोगी भर पडत नाही. उंची निम्मी केली तर क्रांतिक भार दुप्पट होतो, मात्र मग नळाला पाण्याचा दाब उरत नाही. पायाची बाजू मात्र सूत्रात चौथ्या घातात बसलेली आहे: ६० ऐवजी ९० सेंटिमीटरचा पाया घातला, तर काँक्रीट सव्वादोन पट लागते आणि त्याच भिजलेल्या मातीत क्रांतिक भार १८ वरून ९१ किलोन्यूटनवर जातो. पाच सेंटिमीटर बाहेर राहिलेले तेच डोके मग सहा सेंटिमीटरांच्या आतच थांबते.