इन्स्टॉलर अडवला जातो तेव्हा

इंटरनेटवरून उतरवलेल्या इन्स्टॉलरवर डबल-क्लिक केले की कधीकधी निळी चौकट समोर येते: Windows protected your PC. ही स्मार्टस्क्रीनची सूचना असते. फाइलमध्ये व्हायरस सापडला, असे ती म्हणत नाही. ही फाइल आपल्या ओळखीची नाही, एवढेच ती सांगते. अँटिव्हायरस एखादी फाइल उचलून बाजूला टाकतो तेव्हा मात्र त्याचे म्हणणे वेगळे असते. तिथे फाइलवर थेट संशय घेतलेला असतो. या दोन सूचनांना एकच समजल्यामुळे लोक एक तर निर्दोष प्रोग्राम सोडून देतात, नाही तर खरोखरच्या धोक्यावरही Run anyway दाबून मोकळे होतात.

ब्राउझरने फाइल उतरवली की विंडोज तिच्यावर 'ही बाहेरून आलेली आहे' अशी अदृश्य नोंद करते. अशी फाइल उघडताना स्मार्टस्क्रीन मायक्रोसॉफ्टकडे चौकशी करते: ही फाइल आजवर किती जणांनी वापरली, तिच्यावर कोणाची डिजिटल सही आहे? प्रोग्रामची प्रत्येक नवी आवृत्ती म्हणजे एक नवी फाइल. सही तीच असेल, तर जुन्या आवृत्त्यांनी कमावलेली पत नव्या आवृत्तीच्या कामी येते. सही नसेल, तर दर वेळी शून्यापासून सुरुवात. या सहीसाठी लागणारे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागते, आणि फुकट प्रोग्राम लिहिणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाला ते परवडतेच असे नाही.

नोटपॅड प्लस प्लस या एडिटरचे उदाहरण बोलके आहे. त्याचे कर्ते डॉन हो यांनी २०१९ मध्ये, प्रमाणपत्राची किंमत अवाजवी आहे म्हणून, ७.६.४ ही आवृत्ती सहीविनाच काढली. पुढे त्यांना प्रमाणपत्र मिळाले, पण २०२५ मध्ये त्याची मुदत संपली आणि ८.८.३ या आवृत्तीवर त्यांनी स्वतःच तयार केलेल्या प्रमाणपत्राने सही केली. असे घरचे प्रमाणपत्र विंडोज मानत नाही. साहजिकच कोट्यवधींच्या परिचयाचा हा प्रोग्राम परक्यासारखा अडवला जाऊ लागला, काही अँटिव्हायरसनाही तो खटकला. ते प्रमाणपत्र आपल्या संगणकात बसवून घेण्याचा मार्ग होता, पण केवळ एक सूचना टळावी म्हणून सामान्य वापरकर्त्याने तसे करू नये. त्या किल्लीने सही केलेले सगळेच मग विश्वासू ठरते.

अशा वेळी पहिली तपासणी फाइल कुठून आली याची. सर्च इंजिनच्या निकालांत सगळ्यात वर जाहिराती असतात आणि नेमके तिथेच बनावट पत्ते पेरलेले असतात. २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड-प्रोग्रामच्या नावाने आलेल्या एका जाहिरातीत खोट्या पत्त्यातील k या अक्षराखाली एक बारीकशी खूण होती, स्क्रीनवरची धूळ वाटावी इतकी. त्यामुळे जरा जरी शंका असली, तरी उतरवलेली फाइल काढून टाकावी, अधिकृत पत्ता स्वतः टाइप करावा (इथे notepad-plus-plus.org) आणि फाइल पुन्हा घ्यावी.

दुसरी तपासणी हॅशची. फाइलमधल्या एकूण एक बाइटवरून काढलेली ही ६४ अक्षरांची खूण असते. एक बाइट बदलला, तरी ती पार वेगळी येते. अनेक प्रोग्रामांच्या डाउनलोड पानावर ती दिलेली असते. पॉवरशेल उघडून, फाइल असलेल्या फोल्डरमध्ये जाऊन, आपल्याकडच्या फाइलची खूण अशी काढता येते:

```
Get-FileHash .\npp.8.8.3.Installer.x64.exe
```

दोन्ही खुणा तंतोतंत जुळल्या, तर प्रकाशकाने ठेवलेली फाइल वाटेत न बदलता आपल्यापर्यंत आली आहे. याहून जास्त काही त्यातून सिद्ध होत नाही. संकेतस्थळच कोणी ताब्यात घेतले असेल, तर तो फाइलबरोबर खूणही बदलू शकतो.

तिसरी तपासणी सहीची. फाइलवर राइट-क्लिक करून Properties मध्ये Digital Signatures हा टॅब पाहावा. तो टॅबच नसेल, तर फाइलवर सही नाही. नाव अपेक्षित प्रकाशकाचे असेल आणि Details मध्ये सही वैध असल्याचे लिहिले असेल, तर सही झाल्यानंतर फाइलला कोणी हात लावलेला नाही. तरी हाही अखेरचा पुरावा नव्हे. २०१७ मध्ये सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या खऱ्या सहीनिशी, अधिकृत ठिकाणाहून बाहेर पडली आणि तिच्या पोटात हानिकारक कोड होता.

स्मार्टस्क्रीनच्या बाबतीत एवढे पाहून झाले की More info वर क्लिक करावे. तिथे फाइलचे आणि प्रकाशकाचे नाव दिसते आणि Run anyway हे बटण येते. प्रकाशक Unknown publisher असेल आणि त्या आवृत्तीवर सही नसल्याचे किंवा ती विंडोज मानत नसल्याचे आधीच ठाऊक असेल, तर त्यात नवल नाही. नेहमी सही करणाऱ्या मोठ्या कंपनीच्या इन्स्टॉलरवर तेच शब्द दिसले, तर मात्र तिथेच थांबावे.

अँटिव्हायरसने हरकत घेतली, तर आधी त्याने दिलेले नाव वाचावे. विंडोजच्या डिफेंडरमध्ये ते Protection history या भागात मिळते. नावाच्या शेवटी !ml असेल, तर तो निष्कर्ष यंत्राने लक्षणांवरून काढलेला अंदाज असतो. इन्स्टॉलर मुळात दाबून बसवलेल्या फाइली सोडतो, त्या सिस्टिममध्ये ठेवतो, रजिस्ट्रीत नोंदी करतो. व्हायरसही हेच करतो. म्हणून असे अंदाज कधीकधी चुकतात. नाव एखाद्या ठरावीक व्हायरसचे असेल, तर चुकीची शक्यता कमी धरावी.

यानंतर आधी काढलेला हॅश व्हायरसटोटल या संकेतस्थळाच्या शोधचौकटीत टाकावा. तिथे डझनावारी अँटिव्हायरसांचे निकाल एकत्र दिसतात. एखाददुसऱ्या अपरिचित इंजिनाने मोघम नाव दिले असेल आणि बाकी सगळे गप्प असतील, तर बहुधा खोटी हाक. नावाजलेली चार-पाच इंजिने एकाच सुरात बोलत असतील, तर फाइल सोडून द्यावी. अगदी कालपरवाची फाइल असेल, तर तिथली शांतताही फारशी उपयोगाची नाही. फाइलच चढवण्यापेक्षा हॅश शोधणे बरे, कारण चढवलेली फाइल इतरांच्याही हाती जाऊ शकते.

घाई नसेल, तर एक-दोन दिवस थांबून, अँटिव्हायरस अद्ययावत करून पुन्हा तपासावे. बहुतेक खोट्या हाका तोवर विरतात. मायक्रोसॉफ्टच्या फाइल-तपासणी पानावर संशयित फाइल पाठवून ती चुकीने पकडली गेल्याचे कळवताही येते. इतर अँटिव्हायरस कंपन्यांचीही अशी सोय असते. तरीही परवानगी द्यायचीच झाली, तर ती त्या एकाच फाइलला द्यावी. Downloads हा अख्खा फोल्डर तपासणीतून वगळणे किंवा अँटिव्हायरसच बंद करणे म्हणजे पुढच्या प्रत्येक फाइलला मोकळे रान देणे. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना इन्स्टॉलरबरोबरच आली असेल, तर पुढे तपासण्यासारखे काही उरत नाही. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर ती हमखास असते.

काही संगणकांवर Run anyway दिसतच नाही. कार्यालयाच्या यंत्रावर ते व्यवस्थापकाने बंद केलेले असू शकते, तेव्हा फाइलचे नाव आणि हॅश त्याच्याकडे द्यावा. विंडोज ११ मधील स्मार्ट ॲप कंट्रोल चालू असेल, तर एका फाइलपुरती सूट देण्याची सोयच त्यात नाही. एका इन्स्टॉलरसाठी ते संरक्षण बंद करण्यापेक्षा सही असलेल्या आवृत्तीची वाट पाहणे शहाणपणाचे. नोटपॅड प्लस प्लसच्या बाबतीत ती वाट लांबली नाही: त्याच वर्षी ८.८.७ ही आवृत्ती ग्लोबलसाइनच्या प्रमाणपत्रासह आली.