मीटर आला, पण बाजाराने घेतला नाही

१७८९ साली फ्रान्सच्या राजाने प्रजेच्या तक्रारी लिहून मागवल्या. त्या वह्यांमधून एक मागणी वारंवार पुढे आली: मापं सगळीकडे सारखी करा. यामागे धान्याचं दुखणं होतं. शेतकऱ्याला जमीनदाराचा खंड ‘ब्वासो’ नावाच्या मापाने द्यावा लागे. ते माप जमीनदाराच्याच ताब्यात असे आणि पलीकडच्या गावात त्याच नावाचं माप निराळ्या आकाराचं निघे. शिवाय धान्य शीग लावून मोजायचं की काठाला सपाट करून, हा वाद होताच. मापाचं तोंड रुंद केलं की शीग मोठी बसते, एवढ्यावर वर्षाला कितीतरी धान्य जास्त वसूल करता येई.

पॅरिसचं माप देशभर लागू केलं असतं, तर शेतकऱ्याचं बहुतेक काम भागलं असतं. पण क्रांतीनंतरच्या विद्वानांना कोणत्याही राजाचं वा शहराचं नसलेलं माप हवं होतं. त्यांनी पृथ्वीच निवडली: उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. १७९२ मध्ये देलांब्र आणि मेशँ हे दोन खगोलशास्त्रज्ञ डंकर्क ते बार्सेलोना हे अंतर मोजायला निघाले. दुर्बिणीसारखी उपकरणं घेऊन टेकड्या आणि चर्चचे मनोरे चढणाऱ्या देलांब्रला लोकांनी हेर समजून अडवलं. काम संपायला जवळजवळ सात वर्षं लागली. १७९९ मध्ये प्लॅटिनमची पट्टी तयार होऊन सरकारी दफ्तरात जमा झाली. ती ठरलेल्या लांबीपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड होती, तरी तीच प्रमाण ठरली.

दरम्यान १७९५ चा कायदा झाला होता, पण बाजार हलला नाही. बारा भागांच्या मापाचा तिसरा हिस्सा सहज निघतो, दहाचा निघत नाही. माप आणि भाव एकदमच बदलले, तर आपण फसलो की नाही हे गिऱ्हाइकाला कळेना. शेताचं जुनं माप ‘जूर्नाल’ म्हणजे एका दिवसात नांगरून होणारी जमीन. हेक्टर क्षेत्रफळ अचूक सांगे, पण किती दिवसांचं काम पडेल ते सांगत नसे, आणि शेतकऱ्याला नेमकं तेच हवं होतं. माझ्या मते, हा अडाणीपणा नव्हता. जुन्या मापात लोकांचा रोजचा हिशेब मुरलेला होता.

अखेर १८१२ मध्ये नेपोलियनने माघार घेतली. जुनी नावं परत आली, मात्र ‘लिव्र’ आता ५०० ग्रॅमचा आणि ‘त्वाज’ दोन मीटरचा झाला. या तडजोडीमुळे जुन्या नावांखाली नवी मापं लोकांच्या हाती आली. १८३७ च्या कायद्याने ती सवलत काढून घेतली आणि १ जानेवारी १८४० पासून फ्रान्समध्ये मीटर-किलोग्रॅम सक्तीचे झाले.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर ऑक्टोबर १९५८ पासून शेर-मण टप्प्याटप्प्याने बाद होऊ लागले. पण सराफाकडे सोनं आजही तोळ्यातच विचारलं जातं, आणि तो तोळा आता दहा ग्रॅमचा धरतात.