कापसाचा बोळा की वाइप?

भाचीच्या बाळाला नववा दिवस लागला होता. डायपर बदलताना तिला बाळाच्या कुल्ल्यांवर तांबूस चट्टे दिसले आणि घरात लगेच दोन पक्ष पडले. माझी बहीण म्हणाली, "त्या ओल्या कागदांचंच हे काम आहे. आम्ही तुम्हाला कोमट पाण्याने आणि कापसाने पुसूनच वाढवलं." भाचीला झोप नव्हती. ती म्हणाली, "आई, रात्री तीन वाजता मी पाणी तापवत बसू का? आणि पाकिटावर 'बाळांसाठी सौम्य' असं लिहिलंय की!" दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली.

यादीत पहिलं नाव पाण्याचं होतं. बहुतेक वाइप्समधल्या द्रावात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. त्यामागोमाग ग्लिसरीन, मळ सोडवणारा एक सौम्य घटक, फिनॉक्सीइथेनॉल, सायट्रिक ॲसिड आणि शेवटी 'परफ्यूम' अशी नावं होती. ही यादी वाचण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. साबण आपण लावतो आणि धुऊन टाकतो. वाइपने पुसल्यावर मात्र आपण ती जागा धूत नाही. वाइपमधला द्राव त्वचेवर तसाच राहतो, वर डायपर बसतो आणि आत ऊब व ओल धरून राहते. दिवसाला दहा वेळा डायपर बदलला आणि दर वेळी दोन वाइप्स लागल्या, तर महिन्याला सहाशे होतात. वाइप म्हणजे ओलं फडकं, असं आपण समजतो. त्वचेच्या दृष्टीने तो दिवसातून दहादा लावलेला आणि कधीच न धुतलेला लोशनचा पातळ थर असतो.

ज्या त्वचेवर तो बसतो, ती अजून घडत असते. जन्मतः बाळाच्या त्वचेचा पीएच साधारण उदासीन, म्हणजे सातच्या जवळपास असतो. पहिल्या काही आठवड्यांत तो उतरत उतरत साडेपाचच्या आसपास येतो. त्वचेवरचा हा आम्लधर्मी थर जंतूंना आवर घालतो आणि वरच्या पेशी घट्ट धरून ठेवतो. डायपरमध्ये शू आणि शी एकत्र आली की शूमधल्या युरियापासून अमोनिया तयार होतो आणि पीएच चढतो. चढलेल्या पीएचला शीमधले चरबी व प्रथिनं फोडणारे पाचकरस जोमाने काम करू लागतात आणि त्वचेचाच वरचा थर कुरतडतात. त्यात ओलेपणा आणि घर्षण यांची भर पडते. बहुतेक डायपर रॅशचं मूळ इथेच असतं. म्हणून पहिलं काम शी लवकर आणि न घासता काढणं हेच आहे. ते वाइपने झालं की पाण्याने, हा प्रश्न त्यानंतरचा.

या प्रश्नावर एक नीट रचलेली चाचणी झाली आहे. मँचेस्टर विद्यापीठाच्या टीना लॅव्हेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८० निरोगी नवजात बाळांचे दोन गट केले. एका गटासाठी कापूस आणि पाणी, दुसऱ्यासाठी एक ठरावीक सौम्य वाइप. चार आठवड्यांनी त्वचेतला ओलावा मोजला तेव्हा दोन्ही गट सारखेच निघाले. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये तोवर सुईणी नव्या आयांना कापूस आणि पाणीच सांगत आल्या होत्या, म्हणून या निकालाची बरीच चर्चा झाली. या चाचणीचा खर्च वाइप बनवणाऱ्या कंपनीने केला होता, हे वाचकाला माहीत असलेलं बरं. तेवढ्यावरून चाचणी खोटी ठरवायचं कारण मला दिसत नाही. पण तपासली गेली ती एकच वाइप. चांगली बनवलेली वाइप पाण्याइतकी चालते, एवढंच त्यातून सिद्ध होतं. किराणा दुकानात टांगलेल्या प्रत्येक पाकिटाला ते प्रमाणपत्र लागू होत नाही.

आता परिरक्षक, म्हणजे द्राव टिकवणारे घटक. 'यात केमिकल आहे' म्हणून त्यांना सरसकट वाईट ठरवणं मला पटत नाही. ओला कापड पाण्यासकट महिनोन्महिने बंद पाकिटात राहणार आणि रोज कुणीतरी त्यात बोटं घालणार. परिरक्षक नसेल तर आत जंतूंची शेतीच होईल. २०१४ मध्ये अमेरिकेत काही वाइप्समध्ये बर्कहोल्डेरिया सेपेशिया हा जंतू सापडला आणि वेगवेगळ्या नावांनी विकलेला माल परत मागवावा लागला. घरी मलमलचे तुकडे उकळलेल्या पाण्यात भिजवून डब्यात भरून ठेवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. ते तुकडे त्या दिवसापुरतेच. दुसऱ्या दिवशी उरलेले टाकून डबा धुऊन वाळवावा.

म्हणून परिरक्षक कोणता, हे पाहायचं. त्याचा सर्वांत मोठा धडा मिथाइलआयसोथायाझोलिनोन या लांबलचक नावाच्या पदार्थाने दिला. फार थोड्या मात्रेत काम करतो, म्हणून २००५ च्या सुमारापासून तो एकट्याने वापरात आला आणि ओल्या वाइप्समध्येही शिरला. काही वर्षांतच त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याची ॲलर्जी असलेल्यांची रीघ लागली. अमेरिकेतल्या संपर्क त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साठी त्यालाच 'वर्षाचा ॲलर्जन' ठरवलं. २०१४ च्या सुरुवातीला कनेटिकटमधल्या डॉक्टरांनी सहा मुलांच्या केसेस छापल्या. तोंडाभोवती आणि कुल्ल्यांवर चिवट पुरळ. कुणी त्याला एक्झिमा समजलं, कुणी जंतुसंसर्ग, कुणी सोरायसिस. मलमं लावून झाली, पुरळ हटेना. पॅच टेस्ट केल्यावर दोषी सापडला आणि वाइप्स बंद केल्यावर त्वचा लवकर निवळली. पुरळ नेमकी वाइप फिरते तिथेच, म्हणजे तोंडावर आणि खाली, होती. खूण हीच होती, पण घरातली वाइप कुणाच्या संशयाच्या यादीतच नव्हती. युरोपीय संघाने पुढे, २०१७ पासून, न धुता राहणाऱ्या प्रसाधनांत या पदार्थावर बंदी घातली.

ही मुलं नवजात नव्हती, आणि त्याला कारण आहे. अशी ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. शरीर त्या पदार्थाला आधी 'ओळखतं', मग पुन्हा पुन्हा भेट झाली की एके दिवशी उसळतं. एकदा झालेली ओळख बहुधा आयुष्यभर राहते. म्हणूनच पहिल्या महिन्यातली लाली हे ॲलर्जीचं लक्षण क्वचितच असतं, पण पुढच्या ॲलर्जीची पेरणी त्याच काळात होऊ शकते.

भाचीच्या पाकिटावरचं फिनॉक्सीइथेनॉल त्या मानाने पुष्कळ सौम्य. युरोपात एक टक्क्यापर्यंत त्याला परवानगी आहे, आणि त्याची ॲलर्जी विरळा. सोडियम बेन्झोएटही बऱ्याच वाइप्समध्ये असतं. ते आम्लधर्मी द्रावातच नीट काम करतं, म्हणून सोबत सायट्रिक ॲसिड दिसतं, आणि त्या आम्लाने त्वचेचा पीएचही खाली राहायला मदत होते. चांगली वाइप साध्या पाण्यामागे पडत नाही, त्याचं एक कारण हे असावं. पाण्याला चढलेला पीएच खाली आणता येत नाही. बोअरच्या जड पाण्याला तर नाहीच.

सुगंधाच्या बाबतीत मात्र मी बहिणीच्या बाजूला आहे. परिरक्षकाला काही काम असतं. बाळाच्या त्वचेसाठी सुगंधाला कसलंही काम नाही. तो पाकीट उघडणाऱ्या माणसासाठी असतो. 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' या एका शब्दामागे डझनावारी पदार्थ असू शकतात, आणि प्रसाधनांमुळे होणाऱ्या संपर्क ॲलर्जीत सुगंधी द्रव्यं कायम आघाडीवर असतात. 'नैसर्गिक लव्हेंडर' लिहिलं म्हणून फरक पडत नाही. लव्हेंडरमधलं लिनालूल आणि संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन हवेशी संयोग पावलं की त्यांच्यापासून बनणारे पदार्थच ॲलर्जी घडवतात. शिवाय 'वास नसलेली' आणि 'सुगंधरहित' हे एक नव्हे. वास नसलेल्या वाइपमध्ये मूळ वास दाबण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो. त्यामुळे पुढची जाहिरात सोडून मागची यादीच वाचावी.

भाचीच्या घरी आम्ही त्या दिवशी सुगंधी पाकीट बाजूला ठेवलं. उकळून कोमट केलेलं पाणी वाटीत घ्यायचं, कापसाचा बोळा भिजवून हलका पिळायचा, पुढून मागे एकदाच पुसायचं आणि तो बोळा टाकून द्यायचा. वापरलेला बोळा पुन्हा वाटीत बुडवायचा नाही, नाहीतर सगळी वाटीच बाद. नुसती शू असेल तर एवढं पुरतं. चिकट शी असेल तर चार थेंब खोबरेल तेल लावून आधी ती सोडवून घ्यायची, कारण चरबी पाण्याने निघत नाही आणि मग हात जोर लावतो. त्यानंतर मऊ सुती कापडाने टिपायचं, पाच मिनिटं उघडं ठेवायचं आणि झिंक ऑक्साइडच्या क्रीमचा थर द्यायचा. पावडर अजिबात नाही. ती बाळाच्या श्वासात जाते.

चार दिवसांत लाली ओसरली. बहीण म्हणाली, "बघ, मी सांगत होते." पण मला तिला सांगावं लागलं की आपण सुगंध, घासणं, ओलेपणा आणि क्रीम या चारही गोष्टी एकदम बदलल्या, गुण कशाला आला ते सांगता येणार नाही. लाली उंचवट्यांवर होती आणि घड्यांमध्ये त्वचा स्वच्छ होती, म्हणजे ओल आणि घर्षण हेच मुख्य कारण असावं. घड्यांमध्ये गडद लाल होऊन कडेने बारीक पुटकुळ्या पसरल्या असत्या, तर बुरशीचा संशय घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो असतो. पूचे फोड, ताप, किंवा तीन दिवसांत न हलणारी लाली दिसली असती तरीही.

आता भाचीच्या उशाशी एक छोटा थर्मॉस आणि कापसाचा डबा असतो. रात्री तीनला पाणी तापवावं लागत नाही. फक्त मनगटावर थेंब घेऊन ते फार गरम नाही ना, एवढं पाहायचं. बाळाला डोसाला नेताना पिशवीत सुगंधरहित वाइप्सचं लहान पाकीट असतं आणि घरी आल्यावर ती जागा एकदा पाण्याने पुसली जाते. जुनं सुगंधी पाकीट बहिणीने स्वयंपाकघरात नेलं. ओटा पुसायला चालतं म्हणाली.