न पाहिलेली जाहिरातही लोकांना आठवते!

जी जाहिरात कधी दाखवलीच नाही, तिच्याबद्दल 'ही पाहिली का?' असं विचारलं तरी काही जण 'हो' म्हणतात. ते खोटं बोलत नसतात. ब्रँड ओळखीचा असतो, त्याची एखादी जुनी जाहिरात केव्हातरी नजरेखालून गेलेली असते आणि मनात सगळ्याची सरमिसळ होते. त्यामुळे नुसतं 'शंभरात चोवीस जणांना आमची जाहिरात आठवते' एवढं ऐकून मोहिमेबद्दल काहीच कळत नाही.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकेत डॅनियल स्टार्च यांनी १९२०च्या दशकात एक पद्धत रूढ केली. त्यांची माणसं वाचकासमोर मासिक उघडत आणि एकेका जाहिरातीवर बोट ठेवून 'ही पाहिली होती का?' असं विचारत. पण 'हो' हे उत्तर आठवणीतून आलं की अंदाजाने, हे त्यातून कळायला मार्ग नव्हता.

मग जाहिरात पाहिलेल्यांची तुलना न पाहिलेल्यांशी केली तर? तिथेही फसगत होते. जो एखादा मसाला रोज वापरतो, त्याचंच लक्ष त्या मसाल्याच्या जाहिरातीकडे आधी जातं. जाहिरात आठवणाऱ्यांत खरेदी करणारे जास्त निघाले, म्हणून जाहिरातीने खरेदी वाढवली असं ठरत नाही.

यावरचा उपाय म्हणजे ब्रँड लिफ्ट अभ्यास. ऑनलाइन जाहिरातींत तो सहज करता येतो. समजा, एका कांदा-लसूण मसाल्याच्या कंपनीने महाराष्ट्रात व्हिडिओ जाहिरातींची मोहीम काढली. जाहिरात दाखवण्यालायक प्रेक्षकांतून काही जण चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून बाजूला काढले जातात. त्यांना ही जाहिरात मुद्दाम दाखवली जात नाही. हा झाला कंट्रोल ग्रुप. निवड निव्वळ योगायोगाने झाल्यामुळे मसाल्याचे जुने गिऱ्हाईक दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच येतात. त्यानंतर दोन्ही गटांना एकच छोटा प्रश्न जातो: 'यांपैकी कोणत्या मसाल्याची जाहिरात तुम्ही अलीकडे पाहिली?' खाली चार-पाच ब्रँड आणि 'एकही नाही' हा पर्याय.

प्रत्येक गटात हजार उत्तरं आली असं धरू. जाहिरात पाहिलेल्यांत २४ टक्क्यांनी आपल्या मसाल्याचं नाव घेतलं आणि न पाहिलेल्यांत १८ टक्क्यांनी. म्हणजे मोहिमेची खरी कमाई २४ नव्हे, फक्त ६ टक्के-गुण. हीच लिफ्ट. एवढ्या उत्तरांत योगायोगाने साधारण साडेतीन गुणांचा फरक इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून खरा परिणाम अंदाजे अडीच ते साडेनऊ गुणांच्या दरम्यान असावा. पण गटात दोनशेच उत्तरं असती, तर हा फरक आठ गुणांपर्यंत गेला असता. मग तेच ६ गुण खरे की योगायोगाचे, हे सांगता आलं नसतं.

प्रश्नांचा क्रमही महत्त्वाचा. सविस्तर सर्वेक्षणात आधी मोकळा प्रश्न विचारायचा: 'मसाला म्हटलं की कोणती नावं आठवतात?' आणि यादी नंतरच दाखवायची. यादी एकदा डोळ्यांखालून गेली की पुढचं उत्तर स्मरणातून आलं असं म्हणता येत नाही.

याहून खोल प्रश्न असा, की लोकांना नेमकं काय आठवलं? जाहिरातीतली आजी आठवते, रश्श्याचा लालभडक रंग आठवतो, पण मसाला कोणाचा हे आठवत नाही. अशा वेळी माणूस बहुधा बाजारातल्या सर्वांत मोठ्या ब्रँडचं नाव घेतो. म्हणजे पैसे एकाचे आणि फायदा प्रतिस्पर्ध्याचा. म्हणून नाव झाकून जाहिरातीचं वर्णन करायचं आणि 'ही कोणाची?' असं विचारायचं. चुकीची नावं बरीच आली, तर दोष बहुधा जाहिरातीच्या रचनेत असतो. नाव उशिरा आलेलं असतं किंवा गोष्टीशी त्याचा सांधा जुळलेला नसतो. तीच जाहिरात आणखी वेळा दाखवून हा दोष जात नाही.

या मोजणीलाही मर्यादा आहेत. तीच जाहिरात टीव्हीवर चालू असेल, तर कंट्रोल ग्रुपनेही ती पाहिलेली असते आणि लिफ्ट आहे त्याहून कमी दिसते. शिवाय प्रश्न बहुतेकदा जाहिरात पाहिल्यावर थोड्याच दिवसांत विचारले जातात. महिन्याभरानंतर, दुकानात उभं असताना किती आठवेल, हे त्यातून समजत नाही. आणि स्मरण म्हणजे विक्री नव्हे. ती वेगळीच मोजावी लागते.

वरच्याच आकड्यांवरून 'स्मरणात ३३ टक्के वाढ' असंही लिहिता येतं, कारण १८ वर ६ म्हणजे एक तृतीयांश. गणित बरोबर आहे, पण शंभरातली सहाच माणसं वाढली हे त्यात झाकलं जातं. असा अहवाल समोर आला की आधी दोन गोष्टी मागाव्यात: कंट्रोल ग्रुपचा आकडा आणि प्रत्येक गटातली उत्तरं किती. त्या मिळाल्या नाहीत, तर त्या वाढीवर पुढच्या मोहिमेचा खर्च ठरवू नये.