एका खाड्याचा हिशेब

दुपारचे अडीच वाजले आहेत. वाघोलीत केसनंद फाट्याच्या आतल्या बाजूला, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत महिला बचत गटाची बैठक भरते आहे. सोसायट्यांमधली सकाळची कामे आटोपून बायका थेट इकडे आल्या आहेत. साडेचारला शाळेची व्हॅन येईल, तोवरच वेळ आहे. सतरंजीवर इतिवृत्ताची वही, पासबुकांचा गठ्ठा आणि गटाचा शिक्का मांडला आहे. वाघोली २०२१ च्या जूनअखेर पुणे महापालिकेत आली. गट त्याआधीचा, म्हणून जुन्या पासबुकांवर अजून ग्रामपंचायतीचाच पत्ता आहे.

माझ्या हातात घरखर्चाच्या कार्यशाळेचे चार पानी इंग्रजी पत्रक आहे. ते मराठीत करून पुढच्या कार्यशाळेत वाटायचे आहे. त्यातली वाक्ये घरी बसून मराठीत आणता येतात, पण उदाहरणे तशी आणता येत नाहीत. पत्रकातल्या घरात पगार दर एक तारखेला खात्यात जमा होतो. त्याचे तीन वाटे केले आहेत: पन्नास टक्के गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीने २००५ साली एका पुस्तकातून लोकांपुढे ठेवलेले हे सूत्र आता जगभरच्या पत्रकांत असते. मी ते मोठ्याने वाचून दाखवते. कोणी हसत नाही. अध्यक्ष ताई एवढेच विचारतात, "पन्नास टक्क्यांत भाडं आणि किराणा दोन्ही बसवायचं का?"

मी कोरा कागद पुढे ओढते. उदाहरणातले घर आम्ही इथेच उभे करणार आहोत. हे घर खोलीतल्या कोणाचेही नाही, हे आधीच ठरवून घेतले आहे. आपल्या घरचा आकडा चारचौघीत सांगायला बाई कचरते, पण कागदावरच्या बाईबद्दल सगळ्या मोकळेपणाने बोलतात. कागदावरची बाई दोन घरी स्वयंपाक करते, तिचे ७,००० येतात. नवरा नगर रोडच्या एका गोडाऊनमध्ये लोडिंगला, हजेरीवर. महिन्याच्या २६ हजेऱ्या भरल्या तर १५,०००. दोन मुले, भाड्याची एक खोली. एकूण २२,०००.

"पैसे कधी येतात ते लिही ना ताई," कोपऱ्यातल्या काकू म्हणतात. "भाडं पाच तारखेला द्यायचं आणि गोडाऊनचे पैसे दहाला येतात. मधले पाच दिवस किराणा उधारीवर." इंग्रजी तक्त्यात रकमेचा एकच रकाना आहे. मी त्याच्या शेजारी तारखेचा दुसरा रकाना आखते. उधारी खर्च वाढल्यामुळेच होते असे नाही. पैसे भाड्याच्या तारखेनंतर आले तरी होते, आणि ते रकमेच्या एका रकान्यातून कधीच दिसत नाही.

मग खर्च. भाडे ५,५०० आणि लाईटबिल ७००. दळणासकट किराणा ५,०००. दूध ९००, भाजी १,८००. पिण्याच्या पाण्याचा जार एक दिवसाआड, त्याचे ३००. पेट्रोल १,५००, मुलांची शिकवणी १,०००, दवापाणी ५००. गटाची बचत २००. हे आकडे भराभर येतात, कारण ते दर महिन्याला त्याच चालीने जातात. भाडे आणि किराणा मिळून १०,५०० झाले. लाईटबिल धरले की ११,२००, म्हणजे पन्नास टक्क्यांची ११,००० ची मर्यादा तिथेच ओलांडली.

मोबाईलच्या रिचार्जपाशी गाडी अडते. दोन फोन, प्रत्येकी ३००. मी ६०० लिहिणार, तोच गटाची सचिव असलेली तरुण मुलगी म्हणते, "ताई, रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा असतो. वर्षाला बारा नाही, तेरा होतात." ती बोटांवर गुणाकार करते: ६०० गुणिले १३ म्हणजे ७,८००, भागिले १२ म्हणजे महिन्याला ६५०. गॅसचे याच्या उलट. चौघांच्या घरात सिलिंडर चाळीस दिवस जातो असे सगळ्यांचे मत पडते. वर्षाला नऊ सिलिंडर, ९०० च्या हिशेबाने ८,१००, म्हणजे महिन्याला ६७५. एखाद्या महिन्यात सिलिंडर येतच नाही आणि तेवढे पैसे उरल्यासारखे वाटतात, पुढच्या महिन्यात ते एकदम जातात. मराठी पत्रकात म्हणून एक ओळ नवी घालावी लागते: जो खर्च महिन्याच्या हिशेबाने येत नाही, त्याचा आधी वर्षाचा आकडा काढा आणि मग बाराने भागा.

हीच रीत मोठ्या खर्चांना लावू या म्हटल्यावर खोलीत एकदम बोलणे सुरू होते. जूनमध्ये वह्या, गणवेश, बूट, दप्तर: ६,०००. दिवाळीला ६,०००. गावच्या जत्रेला चौघांचे जाणे-येणे: ३,६००. लग्नसराईतले आहेर: २,४००. इंग्रजी पत्रक भेटवस्तूंचा खर्च हौसेत टाकते आणि तो कमी करायला सांगते. मी ते वाचताच एक मावशी ठामपणे म्हणतात, "आपण आहेर केला नाही तर आपल्या पोरीच्या लग्नात कोण उभं राहणार? वहीत नावं लिहिलेली असतात." आहेर हे इथे नात्यातले देणे-घेणे आहे, त्याची नोंद असते आणि कधी ना कधी परतफेडही होते. मराठी पत्रकात तो हौसेच्या रकान्यात जाणार नाही. चारही रकमांची बेरीज १८,०००, महिन्याला १,५००. या रकमेला मी 'वर्षाचा डबा' असे नाव देते. ती वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात पडली तरच जूनमध्ये कर्ज काढावे लागत नाही.

आता गटाच्या कर्जाची ओळ. कागदावरच्या बाईने गटातून १०,००० घेतले आहेत, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने, दहा हप्त्यांत. मुद्दल महिन्याला १,००० फिटते आणि व्याज उरलेल्या मुद्दलावरच लागते. म्हणून पहिला हप्ता १,२००, दुसरा १,१८०, असे करत दहावा १,०२०. दहा महिन्यांचे एकूण व्याज १,१००. तेच व्याज शेवटपर्यंत पूर्ण १०,००० वर लावले तर २,००० होते. बाहेरून कर्ज घेताना दर सारखाच सांगितला तरी हप्ता दर महिन्याला उतरतो की तेवढाच राहतो, हे आधी विचारायचे. दर महिन्याचा हप्ता तेवढाच असेल, तर दहा हप्त्यांची बेरीज करून त्यातून मुद्दल वजा करायचे. जे उरेल ते खरे व्याज. पत्रकात हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी ठेवायचे ठरते. सचिव आणखी एक सुचवते: हप्ता उतरत गेला तरी घरच्या हिशेबात १,२०० च धरायचे, आणि वरचे २०, ४०, ६० रुपये बाजूला टाकत जायचे. दहाव्या महिन्याला ते ९०० होतात.

बेरीज करायची वेळ येते. वर्षाचा डबा सोडून सगळा खर्च १९,९२५ भरतो. २२,००० तून वजा केले तर २,०७५ उरतात. "उरतात की," कोणीतरी म्हणते. मी डब्याचे १,५०० वजा करते. ५७५ उरतात.

अध्यक्ष ताई कागदाकडे बघत म्हणतात, "नवऱ्याची एक हजेरी किती रुपयांची?" १५,००० भागिले २६: ५७७. खोली थोडी शांत होते. महिन्यात एक खाडा पडला की या घराची सगळी शिल्लक जाते. दोन खाडे पडले तर डब्याला हात लागतो. चार खाडे पडले तर त्या महिन्यात डब्यात काहीच पडत नाही, आणि जूनमधल्या वह्या-गणवेशांना पुन्हा गटापुढे अर्ज येतो. इथल्या बायका हे आयुष्यभर पाहत आल्या आहेत. आज ते कागदावर आकड्यात उतरले आहे.

यानंतर पत्रकाचे शेवटचे पान मी तसेच ठेवू शकत नाही. त्यात अडीअडचणीसाठी तीन ते सहा महिन्यांचा खर्च साठवा असे लिहिले आहे. या घराला तीन महिन्यांचे साधारण ६०,००० लागतील. महिन्याला ५७५ बाजूला पडले तर त्याला आठ वर्षांहून जास्त काळ जाईल, तेही एकही खाडा न पडता. एवढा लांबचा आकडा वाचून कोणी सुरुवातही करणार नाही. काकूंचे म्हणणे असे, की पहिले उद्दिष्ट चार खाड्यांचे ठेवा. २,३०० रुपये, चार महिन्यांत होतात. मग सिलिंडर आणि एक दवाखाना. मोठा आकडा पत्रकातून मी काढत नाही, पण तो शेवटी जातो. चार खाडे पहिल्या ओळीत येतात.

एक रकाना उरतो. त्याच्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही. तंबाखू, बाहेरचा चहा, कधी दारू. शेवटी मावशीच म्हणतात, "त्याला 'घरातल्यांचा हातखर्च' म्हणा आणि रिकामा ठेवा. ज्याचं त्याला माहीत. उदाहरणात आकडा टाकला तर घरी कागद दाखवता येणार नाही." कागद घरी दाखवता यायलाच हवा, नाहीतर हिशेब बाईच्या एकटीच्या डोक्यात राहतो. त्या ओळीत मी फक्त ठिपके काढते.

चार वाजत आले आहेत. आता सगळा कागद मी पहिल्या ओळीपासून सावकाश वाचते. ज्या दोघींना वाचायला जड जाते त्या ऐकताहेत, आणि त्याच जास्त चुका काढतात. शिकवणीचे १,००० दोन मुलांचे की एकाचे, हे लिहिलेले नाही. मे महिन्यात सोसायटीतली माणसे गावी गेली की स्वयंपाकाचे अर्धेच पैसे मिळतात, त्याची ओळ नाही. दोन्ही गोष्टी मी समासात टिपून घेते. मे महिन्याचा तक्ता वेगळा द्यावा लागेल हे उघड आहे, कारण त्या महिन्यात या घराचे ३,५०० कमी येतात आणि ५७५ ची शिल्लक त्याच्या जवळपासही जात नाही.

अशी पत्रके मराठीत आणणाऱ्या प्रत्येकाला माझे एक सांगणे आहे. मजकूर छापायला देण्याआधी त्यातल्या उदाहरणाची बेरीज ज्या वस्तीत तो वाटायचा आहे तिथल्या बायकांसमोर करून बघा, आणि शेवटी उरलेल्या रकमेला एका दिवसाच्या मजुरीने भागा. उत्तर किती खाडे येते ते पत्रकाच्या पहिल्याच पानावर छापा.