गेमचा माळा : पीएस5 ला बाहेरची डिस्क जोडताना

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याचा फोन आला. "मामा, नवी डिस्क लावली, पण पीएस5 तिला घेतच नाहीये." डिस्क नवीकोरी होती, 2 टीबीची, खिशात मावेल एवढी पोर्टेबल हार्ड डिस्क. कुठे लावलीस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "पुढे, पेन ड्राइव्ह लावतो तिथे." त्याच्याकडचं मॉडेल 2020 सालचं, पहिलं. त्या मॉडेलवर पुढच्या बाजूचं चौकोनी यूएसबी पोर्ट जुन्या, धीम्या जातीचं आहे. कंट्रोलर चार्ज करायला ते पुरतं, गेम ठेवायला नाही. वेगवान पोर्टं मागे दोन आणि पुढे एक, ते छोटं लंबगोल सी-प्रकारचं. डिस्क मागे लावताच पडद्यावर दिसू लागली. मध्ये यूएसबी हबही चालत नाही, केबल थेट कन्सोलमध्येच जायला हवी.

भाच्याची अडचण मूळची जागेची. पहिल्या पीएस5 मध्ये 825 जीबीचा एसएसडी असतो, पण कन्सोलची स्वतःची यंत्रणा आपला वाटा घेते आणि गेमसाठी उरतात सुमारे 667 जीबी. हल्ली एकेक मोठा गेम सहज 90-100 जीबी घेतो. सहा-सात गेम झाले की जागा भरली. मग नवा गेम घेताना जुना उडवायचा आणि पुन्हा खेळावासा वाटला की पुन्हा डाउनलोड करायचा. याच चक्रातून सुटण्यासाठी त्याने पैसे साठवून डिस्क घेतली होती.

पण डिस्क घेण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, आणि ती दुकानात फारसं कोणी सांगत नाही. पीएस5 साठी बनवलेला गेम बाहेरच्या यूएसबी डिस्कवर ठेवता येतो, पण तिथून खेळता येत नाही. एप्रिल 2021 च्या अपडेटपासून ठेवण्याची सोय झाली, खेळण्याची कधीच झाली नाही. पीएस4 चे गेम मात्र बाहेरच्या डिस्कवरून थेट चालतात. म्हणजे पीएस5 च्या गेमसाठी ही डिस्क घरातल्या माळ्यासारखी आहे. पाहुण्यांची मोठी पातेली माळ्यावर राहतात, पण स्वयंपाक करायचा तर ती खाली ओट्यावर आणावी लागतात.

असं का, याचं उत्तर वेगात आहे. पीएस5 च्या आतला एसएसडी सेकंदाला सुमारे 5.5 जीबी माहिती वाचतो. साधी पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला 100-120 एमबी देते, आणि बाहेरचा साधा यूएसबी एसएसडी 400 एमबीच्या आसपास. म्हणजे बाहेरचा एसएसडीसुद्धा आतल्यापेक्षा दहापटीहून अधिक धीमा. पूर्वीच्या गेममध्ये पुढचा भाग लोड होईपर्यंत वाट पाहावी लागे. पीएस5 च्या गेममध्ये खेळाडू धावत असतानाच पुढचे रस्ते आणि माणसं एसएसडीवरून सतत उचलली जातात. 2021 च्या 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट'मध्ये तर नायक एका जगातून उडी मारून क्षणात दुसऱ्या जगात पोचतो. सेकंदाला 100 एमबी देणारी डिस्क तिथे पुरी पडणार नाही. पीएस5 चे गेम चालवण्यासाठीच जागा वाढवायची असेल, तर कन्सोलच्या आत एम.2 एसएसडी बसवणं हा एकच मार्ग. ती सोय सप्टेंबर 2021 मध्ये आली.

डिस्क निदान 250 जीबीची आणि जास्तीत जास्त 8 टीबीची हवी, आणि ती निदान 5 जीबीपीएस वेगाच्या यूएसबीची हवी. जोडल्यावर ती फॉरमॅट करावी लागते: Settings > Storage > USB Extended Storage, आणि तिथे Format as USB Extended Storage. यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. भाच्याच्या बहिणीने त्याच डिस्कवर कॉलेजच्या सहलीचे फोटो टाकून ठेवले होते. फॉरमॅटचं बटण दाबायच्या आधी मी विचारलं म्हणून ते वाचले. फॉरमॅट झाल्यावर ती डिस्क फक्त गेमची होते. ती संगणकाला लावली, तर विंडोज तिला ओळखत नाही आणि फॉरमॅट करू का, असं विचारते. तिथे चुकून होकार दिला, तर सगळे गेम गेले. त्यामुळे डिस्कवर चिठ्ठी चिकटवून ठेवा: 'संगणकाला लावू नये'. पीएस4 वर आधीच वापरलेली डिस्क असेल, तर ती पीएस5 ला तशीच चालते, पुन्हा फॉरमॅट करायची गरज नाही.

मग गेम हलवायचे. Settings > Storage > Console Storage > Games and Apps इथे गेमची यादी उघडते. त्यात हलवायचे गेम निवडण्याचा पर्याय असतो. खूण करून Move दाबलं की काम सुरू. 90 जीबीचा एक गेम धरू. सेकंदाला 100 एमबी घेणाऱ्या हार्ड डिस्कवर त्याला 900 सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं लागतील. 400 एमबीच्या एसएसडीवर चार मिनिटांच्या आत. तोच गेम 100 एमबीपीएसच्या घरगुती इंटरनेटवरून पुन्हा उतरवायचा म्हटलं, तर पूर्ण वेग मिळाला तरी दोन तास जातात. म्हणून केवळ ठेवण्यासाठी मी स्वस्त हार्ड डिस्कच सुचवेन. एसएसडीचे जास्तीचे पैसे घालायचे ते पीएस4 चे गेम तिथूनच खेळायचे असतील तर, कारण तिथे गेम लवकर उघडण्यात फरक जाणवतो. काही पोर्टेबल हार्ड डिस्क सलग मोठं लिखाण आलं की मध्येच मंदावतात. आकडा रेंगाळला म्हणून घाबरून केबल ओढू नका.

एकाच गेमची पीएस4 आणि पीएस5 अशी दोन रूपं असू शकतात. बाहेर ठेवलेला गेम उघडत नसेल, तर आधी गेमच्या नावाजवळ कुठलं रूप लिहिलं आहे ते पाहा. परत आणताना कन्सोलमध्ये पुरेशी रिकामी जागा हवी, आणि परत आल्यावर राहिलेली अपडेट आपोआप उतरतात. खेळातली प्रगती, म्हणजे सेव्ह, कन्सोलमध्येच राहते. गेम हलवल्याने ती जात नाही.

खरा धोका वीज जाण्याचा आहे. लिहिणं चालू असताना वीज गेली किंवा केबल निसटली, तर पुढच्या वेळी कन्सोल आधी डिस्क दुरुस्त करायला घेतो आणि अर्धवट आलेला गेम पुन्हा टाकावा लागू शकतो. इन्व्हर्टर नसेल, तर वीज जाण्याच्या ठरलेल्या वेळी मोठी हलवाहलव करू नका. आणि डिस्क काढताना Settings > Storage > USB Extended Storage मध्ये जाऊन आधी ती सुरक्षितपणे वेगळी करण्याचा पर्याय निवडा, मगच केबलला हात लावा.